ऑफरची पोच आणि बुधवारची मुदत: एक प्रकरण

नोकरीची ऑफर ई-मेलने आली, पण लगेच होकार किंवा नकार देता येत नाही, अशी वेळ बहुतेकांवर येते. तेव्हा चार ओळींची पोच पाठवायची आणि पक्कं उत्तर कधी देणार ते तारखेनिशी सांगायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. 2024च्या एप्रिलमध्ये माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात याच चार ओळींवर बरंच काही अवलंबून होतं. पुण्याच्या वाहन-सुटेभाग उद्योगात मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काम केलं. आता नोकरी बदलणाऱ्यांना सल्ला देते. हे प्रकरण ज्या इंजिनिअरचं आहे, तिच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत, तिचंही नाही.

पार्श्वभूमी

ती चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होती. 1 जुलै 2019 ला रुजू झाली होती, म्हणजे 30 जून 2024 ला तिची पाच वर्षं भरणार होती. मूळ पगार महिना 28,000 रुपये आणि नोटीस पिरियड 90 दिवसांचा. मार्चमध्ये तिने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. एक कंपनी वाळूजची, दुसरी पुण्यातलीच. दुसऱ्या कंपनीत शेवटची फेरी झाली होती, पण निकाल कळलेला नव्हता.

गुरुवारी, 4 एप्रिलला संध्याकाळी पावणेसहा वाजता वाळूजच्या कंपनीचा मेल तिच्या खासगी पत्त्यावर आला. मेलमध्ये चारच वाक्यं होती. अभिनंदन, सोबत ऑफर लेटर जोडलं आहे, 20 मे ला रुजू व्हावं, आणि कृपया स्वीकृती कळवावी. सीसीमध्ये प्लँटचे प्रमुख होते आणि तिचं नाव सुचवणारा प्लेसमेंट कन्सल्टंटही होता. पगार आत्तापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त होता.

रात्री साडेनऊला तिने मला फोन केला. "ताई, उत्तर लिहून ठेवलंय, पाठवण्याआधी एकदा बघाल का?"

अडचण

तिने लिहून ठेवलेल्या मसुद्याचा सारांश असा होता: ऑफरबद्दल मनःपूर्वक आभार, आपल्यासोबत काम सुरू करण्यास मी उत्सुक आहे, रुजू होण्याची तारीख 15 जुलै करता आली तर बरं होईल, बाकी सविस्तर पुढच्या आठवड्यात कळवते.

मेल सभ्य होता, पण त्यात तीन अडचणी होत्या.

पहिली "काम सुरू करण्यास उत्सुक आहे" या वाक्यात होती. तिला म्हणायचं होतं की ऑफर आवडली. ऑफरच्या यादीपुढे खुणा करत बसलेला मनुष्यबळ विभागातला माणूस मात्र हे वाक्य होकार म्हणून वाचतो. मी स्वतः तसं वाचलेलं आहे. होकार आला की पुढचं चक्र फिरायला लागतं: कागदपत्रं मागवली जातात, पार्श्वभूमी-तपासणी करणाऱ्या एजन्सीकडे नाव जातं, आणि कधी कधी आधीच्या कंपनीत फोनही जातो. तिने अजून राजीनामा दिलेला नव्हता. चाकणला तो फोन गेला असता तर तिची फार अडचण झाली असती.

दुसरी अडचण 15 जुलैची. पोच देता देताच तिने एक अट मांडून ठेवली होती. भारतीय करार कायदा 1872च्या कलम 7 प्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि विनाअट असावा लागतो. "तारीख बदलता येईल का" हा नुसता प्रश्न असतो. "तारीख बदलली तर मी येते" हा उलट प्रस्ताव होतो, आणि मग मूळ ऑफर जागेवर राहिली की नाही यावर वाद होऊ शकतो. तिचं वाक्य या दोन्हींच्या मधे कुठेतरी होतं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी होती आणि ती मसुद्यात कुठे दिसतच नव्हती. मी तिला जोडलेली पीडीएफ शेवटपर्यंत वाचायला सांगितली. तोवर तिने पगाराचं पान तेवढं पाहिलं होतं. तिसऱ्या पानावर, सह्यांच्या जागेच्या वर एक वाक्य होतं: सोमवार, 8 एप्रिल रोजी संध्याकाळी 5 पर्यंत लेखी स्वीकृती न आल्यास ही ऑफर आपोआप रद्द समजावी. मेलमध्ये या मुदतीचा उल्लेख नव्हता. "पुढच्या आठवड्यात कळवते" असं लिहून ती निर्धास्त राहिली असती आणि सोमवारी संध्याकाळी पाचनंतर ऑफर उरलीच नसती. कलम 6 मध्ये हेच आहे. प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्ताव संपतो. तो मागे घेतल्याचं वेगळं कळवावं लागत नाही.

पोच पाठवणाऱ्या बहुतेकांचा गैरसमज इथे होतो. आपण तारीख सांगितली म्हणजे आपल्याला तेवढा वेळ मिळाला, असं वाटतं. आपण सांगितलेली तारीख ही आपल्याकडून दिलेली हमी असते. समोरच्याची मुदत त्यामुळे वाढत नाही. ती समोरच्यानेच वाढवावी लागते, आणि तीही लेखी.

तिला वेळ कशासाठी हवा होता

पोचेत कोणती तारीख द्यायची हे यावरून ठरतं, म्हणून आम्ही आधी हे बोललो. दुसऱ्या कंपनीचा निकाल हे एक कारण होतं. त्याहून मोठं कारण ग्रॅच्युइटीचं. तेव्हा लागू असलेल्या 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली राजीनामा देणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ती मिळायची. हिशोब असा होता: शेवटचा मूळ पगार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. तिच्या बाबतीत 28,000 × 15 ÷ 26 × 5, म्हणजे सुमारे 80,769 रुपये. 20 मे ला वाळूजला रुजू व्हायचं तर नोटीस पिरियडचे पैसे भरून मेच्या मध्याला चाकण सोडावं लागलं असतं, आणि पाच वर्षांना दीड महिना कमी पडला असता.

पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की पुरेसं होतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावलेला आहे हे खरं. पण अनेक कंपन्या तो मानत नाहीत. मग त्या कायद्याखालच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून भांडावं लागायचं. जी रक्कम सरळ मिळू शकते तिच्यासाठी भांडणाची वाट धरू नये, असं मी तिला सांगितलं.

म्हणजे रुजू होण्याची तारीख पुढे जाते का, हे कळल्याशिवाय तिला पक्कं उत्तर देता येणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

ठरेपर्यंत गप्प बसणं हा पहिला पर्याय. सोमवारची मुदत लक्षात घेता तो तिथेच संपला. शिवाय पोच न देता दोन दिवस गेले की कन्सल्टंटचे फोन सुरू होतात आणि उमेदवार गंभीर नाही असा ग्रह होतो.

दुसरा पर्याय शुक्रवारी कन्सल्टंटनेच सुचवला. "मॅडम, आत्ता 'एक्सेप्टेड' लिहून टाका, बाकीचं नंतर बघू." त्याचं मानधन ती रुजू होण्यावर अवलंबून होतं, त्यामुळे घाई त्याच्या बाजूने स्वाभाविक होती. पण होकार देऊन नंतर तारखेवर घासाघीस करणं मला पटत नाही. सही केल्यावर तारीख बदलून मागणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. आणि पुढे मन बदललं तर ज्या प्लँटप्रमुखाने तिच्यासाठी जागा अडवून ठेवली, त्याचं नुकसान खरं असतं.

तिसरा पर्याय फोनवर मुदत वाढवून घेण्याचा. फोन उपयोगी पडतो, पण नोंद राहत नाही. पीडीएफमध्ये "लेखी स्वीकृती" असे शब्द असताना तोंडी मिळालेल्या मुदतीवर विसंबणं धोक्याचं होतं.

चौथा पर्याय पोच पाठवण्याचा, आणि त्याच पोचेत मुदत वाढवून मागण्याचा. हाच निवडला. प्रश्न उरला तारखेचा. तिच्या मनात मंगळवार होता, "म्हणजे एकच दिवस जास्त मागितल्यासारखं होईल." पण मंगळवारी 9 एप्रिलला गुढीपाडवा होता. पाडव्याला ना वाळूजला कुणी मेल वाचणार, ना तिच्या प्रश्नाला उत्तर देणार. गुरुवारी 11 तारखेला ईदची सुट्टी. उरला बुधवार, 10 एप्रिल. दिवसाबरोबर वेळही लिहायची ठरली, कारण "बुधवारपर्यंत" म्हटलं की एकाच्या मनात सकाळ असते आणि दुसऱ्याच्या मनात रात्रीचे बारा.

काय केलं

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला मेल गेला. रात्री अकराला पाठवायचा मोह तिने टाळला. तो मूळ मेललाच उत्तर म्हणून पाठवला, विषय बदलला नाही, सीसीमधली नावं तशीच ठेवली. मूळ मेल इंग्रजीत होता, त्याचा मराठी मजकूर असा:

> नमस्कार मॅडम,
>
> आपला 4 एप्रिलचा मेल आणि सोबतचं ऑफर लेटर मिळालं. आभारी आहे.
>
> लेटर नीट वाचून मी माझं निश्चित उत्तर बुधवार, 10 एप्रिल रोजी दुपारी 1 पर्यंत कळवते. लेटरमध्ये सोमवार, 8 एप्रिल, संध्याकाळी 5 ही मुदत आहे आणि मंगळवारी पाडव्याची सुट्टी आहे. त्यामुळे ऑफर बुधवारी दुपारी 1 पर्यंत खुली राहील, एवढं कृपया याच मेलच्या उत्तरात कळवावं.
>
> लेटरमधल्या एक-दोन मुद्द्यांबद्दल मी वेगळा मेल करते.

खाली नाव आणि फोन नंबर. एवढंच.

यात काय नाही, हेही बघण्यासारखं आहे. उत्सुकता नाही, पगाराबद्दल शब्द नाही, दुसऱ्या कंपनीचा उल्लेख नाही. "घरी विचारून सांगते" हेही मी काढायला लावलं. ते खोटं नव्हतं, पण ते लिहिलं की पुढच्या फोनवर "मग घरचे काय म्हणाले?" हा प्रश्न येतोच आणि बोलणं भलतीकडे जातं. मुदत वाढवून मागताना पाडव्याचं कारण पुरेसं होतं. ते खरं होतं आणि दोन्ही बाजूंना सारखं लागू होतं.

वाळूजहून उत्तर आलं नाही तर काय, हेही आम्ही आधीच ठरवलं. सोमवारी सकाळी अकरापर्यंत लेखी होकार नसेल तर फोन करायचा. दुपारी तीनपर्यंतही नसेल तर मूळ मुदतच खरी मानायची आणि हातात असलेल्या माहितीवर पाचच्या आत उत्तर द्यायचं. पोच पाठवली म्हणून मुदत मिळाली असं धरून बसायचं नाही.

तशी वेळ आली नाही. शुक्रवारी दुपारी चारला एका ओळीचं उत्तर आलं: बुधवारी दुपारी 1 पर्यंत चालेल.

त्याच दिवशी तिने पुण्याच्या कंपनीलाही लिहिलं की मला दुसऱ्या ठिकाणी 10 तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आपला निर्णय त्याआधी कळू शकेल का. ऑफर कुणाची, पगार किती, हे काही लिहिलं नाही. सोमवारी त्यांचं उत्तर आलं की निर्णय 15 तारखेनंतरच होईल. उत्तर निराश करणारं होतं, पण त्यामुळे एक गोष्ट मोकळी झाली. आता बुधवारचा निर्णय वाळूजच्या ऑफरकडे बघूनच घ्यायचा होता.

प्रश्नांचा मेल सोमवारी सकाळी अकराला गेला. त्यात मुख्य मुद्दा एकच होता: माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, 10 एप्रिलला राजीनामा दिला तर तो 9 जुलैला संपतो, तेव्हा 15 जुलै ही तारीख शक्य आहे का? संध्याकाळी उत्तर आलं. नवी लाइन जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आहे, 1 जुलैच्या पुढे जाता येणार नाही.

तिने लगेच फोन केला. 1 जुलै सोमवार होता. त्याआधीचा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, 28 जून. "दोन दिवसांनी हुकतंय हो, ताई." पण सेवा मोजताना शेवटचा दिवस कामाचाच असावा लागत नाही. कार्यमुक्तीची तारीख रविवार, 30 जून अशी पडली तर पाच वर्षं पूर्ण होत होती. त्यासाठी चाकणच्या कंपनीने नोटीसमधले शेवटचे नऊ दिवस सोडायला हवे होते. तिची शिल्लक रजा त्याहून जास्त होती आणि अशी रजा नोटीसमध्ये वळती केल्याची उदाहरणं तिच्याच विभागात होती. पाडव्याच्या दिवशी तिने नियमावली उघडून ते कलम शोधलं. वरिष्ठांच्या संमतीने रजा वळती करता येते, असं त्यात स्पष्ट होतं. संमती मिळेलच याची खात्री नव्हती. तेवढी जोखीम तिने समजून उमजून घेतली.

बुधवारी सकाळी तिने वाळूजला कळवलं की 1 जुलै चालेल, तशी तारीख घातलेलं सुधारित लेटर पाठवावं. ते अकरा वीसला आलं. बारा पस्तीसला तिने सही करून स्वीकृती पाठवली. दुपारी दोनला चाकणला राजीनामा दिला.

हा क्रम मी तिला पुन्हा पुन्हा सांगितला होता. वाळूजने बुधवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, तरी करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे स्वीकृती कळवली जाईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, आणि मोबदल्याशिवाय दिलेलं थांबण्याचं आश्वासन सहसा बंधनकारक ठरत नाही. मुदत मिळाल्यामुळे ऑफर आपोआप रद्द होणं टळतं. कंपनीचं मन बदलण्यापासून संरक्षण मिळत नाही. म्हणून त्या पाच दिवसांत ना राजीनामा, ना दुसऱ्या कंपनीला नकार.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या सल्ल्यातली एक चूक इथे मांडायलाच हवी. प्रश्न पोचेपासून वेगळे ठेवायचे, हे बरोबरच होतं. पण मुदतवाढीचा होकार शुक्रवारी चारला आलेला असताना प्रश्नांचा मेल मी सोमवारपर्यंत थांबवला. दुसऱ्या कंपनीचं उत्तर आलं की मग काय विचारायचं ते नीट ठरेल, असा माझा विचार होता. तो चुकला. रुजू होण्याच्या तारखेचा प्रश्न दुसऱ्या कंपनीवर अवलंबून नव्हताच. तो शुक्रवारी संध्याकाळीच गेला असता तर "1 जुलै" हे उत्तर शनिवारी मिळालं असतं. वाळूजचं कार्यालय शनिवारी चालू होतं. मग 30 जूनचा विचार करायला आणि आणखी एक-दोन तारखा मांडून बघायला मधे सोमवार मिळाला असता. प्रत्यक्षात मधे पाडवा आला आणि सुधारित लेटर मुदतीच्या शंभर मिनिटं आधी हातात पडलं. मनुष्यबळ विभागातल्या बाई त्या सकाळी रजेवर असत्या तर सगळी कसरत वाया गेली असती. मागून घेतलेले पाच दिवस आम्ही नीट वापरले नाहीत.

दुसरं, मुदत बुधवारी संध्याकाळी पाचची मागता आली असती. मूळ लेटरमध्ये पाचचीच वेळ होती, त्यामुळे ती कुणाला खटकली नसती. दुपारी एक का, याला आमच्याकडे काही कारण नव्हतं. जास्त मागू नये या संकोचातून ते आलं.

सीसीबद्दल माझं मत अजून ठाम होत नाही. कन्सल्टंटला वगळलं असतं तर शुक्रवारचा दबावाचा फोन कदाचित टळला असता. पण वगळलेलं लक्षात येतं, आणि तोच माणूस प्लँटप्रमुखाशी रोज बोलत होता. प्रश्नांचा मेल तरी फक्त मनुष्यबळ विभागाला पाठवायला हरकत नव्हती.

निष्पत्ती

चाकणच्या कंपनीने रजा वळती करायला दोन आठवडे घेतले, पण संमती दिली. कार्यमुक्तीचं पत्र 30 जूनच्या तारखेचं मिळालं. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. ती जुलैच्या चौथ्या आठवड्यात खात्यात जमा झाली. 1 जुलैला ती वाळूजला रुजू झाली.

पुण्याच्या कंपनीचा मेल 16 एप्रिलला आला. निवड झाली होती आणि पगार वाळूजपेक्षा थोडा जास्त होता. या वेळी पोच पाठवायची गरज नव्हती. तिने त्याच संध्याकाळी आभार मानून, दुसरीकडे स्वीकृती दिल्याचं दोन ओळींत कळवलं.